आणखी किती वाईट, हे बघायचं कशाला?

नवशिक्यांच्या बुद्धिबळात हमखास दिसणारी एक सुरुवात घेऊ. पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, काळ्यानेही तेच केलं. मग पांढऱ्याने वजीर थेट पटाच्या कडेला, एच-५ या घरात नेऊन ठेवला. आपलं ई-५ वरचं प्यादं आता मारलं जाईल हे पाहून काळ्याने वजिराकडचा घोडा सी-६ वर काढला. पाळी पांढऱ्याची. शाळेत चार डाव खेळलेल्या कुणालाही पुढचा बेत ठाऊक असतो. उंट सी-४ वर आणायचा, आणि समोरचा गाफील राहिला तर वजिराने एफ-७ वरचं प्यादं मारून चौथ्या खेळीलाच मात.

या स्थितीत पांढऱ्याला नियमात बसणाऱ्या ३९ खेळ्या आहेत. प्याद्यांच्या १४, घोड्यांच्या ५, उंटाच्या ५, वजिराच्या १३ आणि राजाच्या २. आपण त्यातल्या तीन-चारच मनात आणतो, बाकीच्यांकडे बघतसुद्धा नाही. संगणकाला मात्र ‘हे काय, उघडच आहे’ असं म्हणता येत नाही. त्याला सगळ्या खेळ्या सारख्याच, आणि यातली चांगली कोणती हे त्याला मोजूनच ठरवावं लागतं.

मोजायचं कसं, याची पद्धत जुनी आणि साधी आहे. ती मिनिमॅक्स या नावाने ओळखली जाते. १९५० साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाचा बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात तिचा आराखडा आहे. माझी प्रत्येक खेळी करून बघायची. त्या प्रत्येक खेळीवर प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक खेळी करून बघायची. ठरवलेल्या खोलीपर्यंत गेलं की थांबायचं आणि पटावरच्या स्थितीला गुण द्यायचे. प्याद्याला १, घोड्याला आणि उंटाला ३, हत्तीला ५, वजिराला ९ धरून पांढऱ्याच्या मोहऱ्यांची बेरीज करायची आणि त्यातून काळ्याची वजा करायची. मग हे गुण खालून वर आणायचे. जिथे पाळी पांढऱ्याची तिथे सगळ्यांत मोठा आकडा घ्यायचा, जिथे काळ्याची तिथे सगळ्यांत लहान. प्रतिस्पर्धी आपल्याला जास्तीत जास्त गोत्यात आणणारच, असं गृहीत धरून त्यातून आपल्या पदरात जास्तीत जास्त काय पडेल ते बघायचं, एवढंच.

आपल्या स्थितीत फक्त दोन खेळ्या खोल जायचं म्हटलं, म्हणजे पांढऱ्याची एक आणि काळ्याचं एक उत्तर, तरी साधारण हजारभर स्थिती तपासाव्या लागतात. हजार म्हणजे संगणकाला काहीच नाही. पण दर पातळीला सरासरी ३० खेळ्या धरल्या, तर चार पातळ्यांना ८ लाख १० हजार स्थिती होतात आणि सहा पातळ्यांना ७२ कोटी ९० लाख. सहा पातळ्या म्हणजे दोन्ही बाजूंच्या तीन-तीन खेळ्या. बऱ्यापैकी क्लबात खेळणारा माणूस मोक्याच्या जागी याहून खोल बघतो.

आता आपल्या पटावर परत येऊ आणि संगणक ३९ खेळ्यांची यादी घेऊन बसलाय असं समजू. यादीत पहिली खेळी निघाली उंट सी-४. यावर काळ्याची २८ उत्तरं शक्य आहेत. संगणक २८ च्या २८ करून बघतो. कुठल्याही उत्तरात काळ्याला काही मारता येत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी गुण शून्य. तेव्हा उंटाच्या खेळीची किंमत शून्य ठरली. हा आकडा संगणक जपून ठेवतो. पांढऱ्याच्या पदरात आतापर्यंत निश्चित पडलेला हा ऐवज, आणि याचंच नाव अल्फा.

यादीत दुसरी खेळी निघते ती वजिराने ई-५ वरचं प्यादं मारून शह देण्याची. एक गुण मिळाला. शह असल्यामुळे काळ्याला फक्त पाचच उत्तरं उरतात. सी-६ वरचा घोडा वजीर मारू शकतो. नाहीतर तोच घोडा, दुसरा घोडा, उंट किंवा वजीर यांपैकी एक मोहरा ई-७ वर मध्ये घालता येतो. संगणक पहिलं उत्तर बघतो ते घोड्याने वजीर मारण्याचं. एक मिळाला, नऊ गेले, गुण उणे ८.

इथे थांबायचं. उरलेली चार उत्तरं बघायचीच नाहीत.

का, ते नीट पाहायला हवं, कारण सगळी गंमत याच एका पायरीत आहे. पुढच्या चार उत्तरांत काळ्याला याहून चांगलं काही सापडलं, तर या खेळीची किंमत उणे ८ च्याही खाली जाईल. नाही सापडलं, तर ती उणे ८ वरच राहील. वर मात्र ती कधीच जाणार नाही, कारण निवड काळ्याच्या हातात आहे आणि घोड्याने वजीर मारण्यापासून त्याला कुणी अडवू शकत नाही. पांढऱ्याच्या हातात आधीच शून्याची खेळी आहे. म्हणजे ही खेळी बाद. नेमकी किती वाईट, हा प्रश्नच उरत नाही.

आपणही असंच वागतो. स्थळ बघताना मुलाला व्यसन आहे एवढं कळलं, की त्याचा पगार, घर आणि पत्रिका विचारायला कुणी थांबत नाही. फरक इतकाच, की तिथे आपण आपल्या मतावर थांबतो. इथे थांबण्यामागे मत नाही, सिद्धता आहे. तपासायच्या राहिलेल्या चार उत्तरांत काहीही दडलेलं असो, शेवटी निवडली जाणारी खेळी त्याने बदलूच शकत नाही.

यादीतल्या बाकीच्या खेळ्यांचंही तसंच. तिसरी खेळी एच-३, म्हणजे कडेचं प्यादं एक घर पुढे. काळ्याचं कुठलंही साधं उत्तर घेतलं तर गुण शून्य. म्हणजे या खेळीतून पांढऱ्याला शून्यापेक्षा जास्त मिळणार नाही हे पहिल्याच उत्तरात कळलं. शून्य तर हातात आहेच. त्याहून जास्त मिळत नसेल तर खेळी बदलायचं कारण नाही, म्हणून इथेही पहिल्या उत्तरालाच थांबायचं. असं करत करत पहिल्या खेळीला २८ आणि उरलेल्या ३८ खेळ्यांना प्रत्येकी एक, अशा ६६ स्थितींत काम संपतं. हजारभर स्थिती बघूनही उत्तर तेच आलं असतं.

अर्थात हे ६६ साधायला नशीब लागतं. वजिराच्या शहावर संगणकाने आधी उंट ई-७ वर घालून पाहिला असता, तर गुण अधिक १ आला असता. तो अल्फापेक्षा जास्त आहे, त्यामुळे थांबता येत नाही आणि पुढचं उत्तर बघावं लागतं. घोड्याने वजीर मारण्याचं उत्तर पाचवं आलं असतं, तर पाचही बघावी लागली असती. त्याहून वाईट म्हणजे, मूळ यादीतच वजीर घालवणाऱ्या खेळ्या आधी आणि उंटाची खेळी सगळ्यांत शेवटी असती, तर हातात तुलनेला चांगला आकडाच नसता आणि छाटणी फारशी झालीच नसती.

आता बीटा. वर जे पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तेच काळ्याच्या बाजूने. त्यासाठी एक पातळी खाली जाऊ. पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला आहे, काळ्याचं उत्तर, आणि त्यावर पुन्हा पांढऱ्याची खेळी. काळ्याचं पहिलं उत्तर जी-६ घेऊ, म्हणजे प्यादं पुढे करून वजिराला हुसकावणं. यावर पांढऱ्याला एका खेळीत जास्तीत जास्त एक प्यादं मारता येतं, म्हणजे गुण अधिक १. आता काळ्याला माहीत आहे, की इथून पांढऱ्याला १ पेक्षा जास्त काही मिळू न देण्याची एक वाट आपल्याकडे आहे. ही वरची मर्यादा म्हणजे बीटा. काळ्याचं दुसरं उत्तर घेतलं घोडा एफ-६. हेही वजिरावर चालून जातं आणि दिसायला ऐटबाज आहे. पांढऱ्याच्या चाळीसहून अधिक खेळ्या आहेत. संगणकाने पहिलीच पाहिली वजिराने एफ-७ वरचं प्यादं मारण्याची, आणि ती मात निघाली. उरलेल्या चाळीस-बेचाळीस खेळ्या सोडून द्यायच्या. काळा इकडे येणारच नाही. त्याच्याकडे जी-६ आहे.

खोल शोधात हे दोन आकडे सोबत खाली नेले जातात. अल्फा सांगतो की पांढऱ्याला इतकं तर मिळतंच, बीटा सांगतो की काळा याच्या वर जाऊ देणार नाही. शोध पुढे सरकतो तसा अल्फा वर चढतो, बीटा खाली उतरतो, आणि ज्या फांदीवर दोघे एकमेकांना भिडतात ती फांदी तिथेच तोडायची. अट अशी: `alpha >= beta`. अख्ख्या पद्धतीचा गाभा प्रोग्राममध्ये या एका ओळीत मावतो.

याहून कमी स्थिती बघून काम होईल का? ६६ च्या खाली कुणी जाऊ शकेल का? आपल्या पटावरचंच उदाहरण याचं उत्तर देतं. ‘या स्थितीची किंमत शून्य आहे’ हे सिद्ध करायचं, तर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. पहिली, पांढऱ्याला शून्यापेक्षा कमी मिळणार नाही. त्यासाठी पांढऱ्याची एक खेळी पुरते, पण तिच्यावरची काळ्याची सगळी उत्तरं तपासावी लागतात. त्या झाल्या २८ स्थिती. दुसरी, पांढऱ्याला शून्यापेक्षा जास्त मिळणार नाही. त्यासाठी पांढऱ्याच्या सगळ्या ३९ खेळ्या घ्याव्या लागतात, पण प्रत्येकीवर काळ्याचं एकच पुरेसं उत्तर दाखवलं की झालं. त्या ३९. एक स्थिती दोन्हीकडे मोजली गेली, ती वजा केली, की ६६. दोनपैकी एकही बाजू कमी तपासली तर दावा अपुरा राहतो, मग पद्धत कुठलीही वापरा.

चार पातळ्यांनाही हिशोब हाच. दर पातळीला ३० खेळ्या धरा. पहिल्या बाजूची एक, दुसरीच्या ३०, परत एक, परत ३०, अशा ९०० स्थिती. उलट बाजूनेही ९००. सामाईक एक वजा केली की १,७९९. मिनिमॅक्सच्या ८ लाख १० हजारांच्या जागी १,७९९! सहा पातळ्यांना ७२ कोटी ९० लाखांऐवजी ५३,९९९. डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५ च्या त्यांच्या लेखात या हिशोबाची काटेकोर मांडणी केली. त्याचा सोपा अर्थ असा, की खेळ्यांचा क्रम आदर्श असेल तर तेवढ्याच वेळात दुप्पट खोल जाता येतं. क्रम उलटा, वाईटात वाईट असेल तर एकही स्थिती वाचत नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला तर काय, याचं गणित पुढे जुडेया पर्ल यांनी सोडवलं. तेव्हा खोली साधारण एक तृतीयांशाने वाढते.

मला इथे १९५६ चा एक प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात त्या उन्हाळ्यात संगणकशास्त्राच्या पहिल्या पिढीतली मंडळी जमली होती. आयबीएमचा अ‍ॅलेक्स बर्नस्टाईन आपल्या बुद्धिबळाच्या प्रोग्रामबद्दल बोलला. सगळ्या खेळ्या बघणं त्या काळच्या यंत्राला झेपणारं नव्हतं, म्हणून त्याच्या योजनेत प्रत्येक स्थितीत सात होतकरू खेळ्या निवडायच्या आणि बाकीच्या टाकून द्यायच्या. चार पातळ्या, दर पातळीला सात, म्हणजे २,४०१ स्थिती. आयबीएम ७०४ वर एका खेळीला आठेक मिनिटं लागत. जॉन मॅकार्थी ऐकत होते. निम्म्याहून अधिक फांद्या बघायची गरजच नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बर्नस्टाईनला तसं सुचवलं. बर्नस्टाईनला ते पटलं नाही.

आज कागद-पेन्सिल घेऊन बसलं की त्यातली चुटपुट लक्षात येते. त्याच २,४०१ स्थितींना छाटणी लावली असती, तर क्रम उत्तम असताना ४९ अधिक ४९ वजा १, म्हणजे ९७ स्थितींत तेच उत्तर आलं असतं. याच्या पुढची गोष्ट तर आणखी बोचरी आहे. एकही खेळी न टाकता, दर पातळीला सगळ्या ३० खेळ्या घेऊन चार पातळ्या शोधायच्या म्हटल्या, तरी उत्तम क्रमाने १,७९९ स्थिती लागतात. म्हणजे २,४०१ पेक्षा कमीच! खरा क्रम इतका उत्तम कधीच नसतो हे मान्य. तरीही बर्नस्टाईनच्या पद्धतीत आठव्या क्रमांकाची खेळी हीच खरी विजयी खेळी असेल, तर ती कायमची हुकते. मॅकार्थींच्या पद्धतीत हुकत नाही.

या दोन छाटण्यांतला फरक लोक सहज विसरतात. बर्नस्टाईनची छाटणी अंदाजावर चालते आणि अंदाज चुकला तर उत्तर चुकतं. अल्फा-बीटामध्येही अंदाज लागतोच, पण तो कुठली खेळी आधी बघायची एवढ्यापुरता. तो चुकला तर वेळ जातो, उत्तर बिघडत नाही. सोव्हिएत संघात अलेक्सांदर ब्रुदनो यांनी हीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेत नेवेल, शॉ आणि सायमन या त्रिकुटाच्या १९५८ च्या प्रोग्राममध्येही तिचं एक रूप होतं. श्रेय नेमकं कुणाचं, या वादात शिरण्यात मला फार रस नाही. ज्याने ज्याने फांद्या हाताने काढून पाहिल्या, त्याला ही युक्ती सुचलीच असती.

मग चांगला क्रम आणायचा कुठून? सगळ्यांत चांगली खेळी आधीच माहीत असती, तर शोधायची गरजच काय, असा प्रश्न इथे पडतोच. प्रत्यक्षात कामचलाऊ क्रमही भरपूर फळ देतो. मारामारीच्या खेळ्या आधी बघायच्या, त्यातही मोठा मोहरा लहान मोहऱ्याने मारण्याच्या सगळ्यांत आधी. घोड्याने वजीर मारायचा असेल तर ती खेळी यादीत वरच हवी. आपल्या उदाहरणात एवढ्या एका नियमाने काळ्याचं योग्य उत्तर पहिलं येतं. शिवाय शेजारच्या फांदीवर ज्या उत्तराने खेळी बाद झाली, तेच उत्तर या फांदीवरही आधी करून बघायचं. पांढरा इकडे-तिकडे काहीही खेळला, तरी काळ्याची एकच धमकी बहुतेक ठिकाणी कायम असते, म्हणून हा साधा नियमही चालतो.

सगळ्यांत परिणामकारक युक्ती मात्र आधी विचित्र वाटते. सहा पातळ्या खोल जायचं असेल तर थेट सहा जायचं नाही. आधी एक पातळी शोधायची, मग पुन्हा पहिल्यापासून दोन, मग तीन, असं करत सहापर्यंत यायचं. दर वेळी आधीच्या फेरीत जी खेळी उत्तम ठरली, ती पुढच्या फेरीत सगळ्यांत आधी घ्यायची. तेच काम पुन्हा पुन्हा करण्यात वेळ वाया जातो असं वाटतं. पण क्रम चांगला असताना प्रत्येक नवी पातळी आधीच्यापेक्षा पाच-सहापट महाग असते. त्यामुळे आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून शेवटच्या फेरीच्या पाचव्या हिश्शाएवढ्याच भरतात, आणि त्यांनी दिलेल्या क्रमामुळे शेवटच्या फेरीत वाचतं ते त्याच्या कितीतरी पट. वर सोय अशी, की घड्याळ संपत आलं तर मागच्या फेरीचं उत्तर हातात असतंच.

‘उत्तर तेच येतं’ हे वाक्य मी इतक्या ठामपणे लिहिलं आहे, पण त्याला एक अट आहे, आणि नव्याने प्रोग्राम लिहिणारे नेमके तिथे ठेचकाळतात. छाटलेल्या खेळीचा जो आकडा परत येतो, तो तिची खरी किंमत नसतो. ‘याहून जास्त नाही’ एवढंच तो सांगतो. वजिराने ई-५ वरचं प्यादं मारण्याची खेळी पुन्हा बघा. तिची खरी किंमत उणे ८. पण पद्धतीच्या एका प्रचलित रूपात मर्यादेच्या खाली गेलेल्या खेळीचा आकडा म्हणून मर्यादाच परत दिली जाते. म्हणजे इथे शून्य. उंटाच्या खेळीचंही शून्य. आता कुणा हौशी माणसाने आपला प्रोग्राम रोज एकसारखा खेळू नये म्हणून ‘सारख्या गुणांच्या खेळ्यांतून कुठलीही एक निवड’ असं लिहून ठेवलं, तर तो प्रोग्राम अधूनमधून हसत हसत वजीर फुंकून टाकतो. उपाय साधा आहे. आधीच्यापेक्षा निखळ जास्त गुण मिळाले तरच खेळी बदलायची, बरोबरी आली तर पहिलीच ठेवायची. मग साधा मिनिमॅक्स त्याच यादीतून, त्याच क्रमाने जी खेळी निवडेल, नेमकी तीच इथेही निवडली जाते. क्रम वेगळा ठेवला तर दोघांची खेळी कदाचित वेगळी निघेल, पण किंमत सारखीच असेल.

अशी चूक पकडण्याचा मार्गही सोपा आहे. दोन किंवा तीन पातळ्यांपुरता साधा, बिनछाटणीचा मिनिमॅक्स शेजारी चालवायचा आणि शंभरेक वेगवेगळ्या स्थितींवर दोघांच्या किमती ताडून बघायच्या. एका ठिकाणी जरी फरक पडला, तरी छाटणीत कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय किंवा अल्फा-बीटाची अदलाबदल झाली आहे हे नक्की. किमती जुळल्या पण तपासलेल्या स्थितींची संख्याही जवळजवळ सारखीच निघाली, तर छाटणी बरोबर आहे आणि क्रम रद्दी आहे.

‘तेच उत्तर’ याची दुसरी बाजू म्हणजे, मिनिमॅक्सच्या चुकाही जशाच्या तशा वारशाने येतात. मघाशी तीन पातळ्यांत जी-६ नंतर पांढऱ्याला अधिक १ मिळतो असं म्हटलं. वजीर ई-५ वरचं प्यादं मारतो आणि गणती तिथेच थांबते. पुढच्याच खेळीत सी-६ वरचा घोडा तो वजीर मारणार आहे. पण ती चौथी पातळी, आणि शोधाची नजर तिथवर पोचलेली नाही. छाटणी ही चूक सुधारत नाही, तसा तिचा दावाही नाही. म्हणून खरे प्रोग्राम ठरलेल्या खोलीवर आंधळेपणाने थांबत नाहीत. पटावर मारामारी चालू असेल तर ती शांत होईपर्यंत फक्त मारण्याच्या खेळ्या पुढे बघत राहतात आणि मगच गुण देतात.

१९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू सेकंदाला १० ते २० कोटी स्थिती तपासत असे आणि त्याच्या शोधाचा पायाही हाच होता. आजचा स्टॉकफिशही याच घराण्यातला. त्यात स्थितीला गुण देण्याचं काम २०२० पासून शिकवलेल्या न्यूरल जाळ्याकडे गेलं, पण शोध अल्फा-बीटाचाच राहिला. मात्र त्याच्या जोडीला आजचे प्रोग्राम असुरक्षित छाटणीही सर्रास करतात. यादीच्या शेवटी येणाऱ्या खेळ्या कमी खोल बघायच्या, किंवा प्रतिस्पर्ध्याला फुकट एक जादा खेळी देऊनही आपण पुढेच असू तर ती फांदी सोडून द्यायची, अशा या युक्त्या. यात ‘तेच उत्तर’ ही हमी राहत नाही. फुकट खेळीची युक्ती विशेषतः डावाच्या शेवटी, पटावर राजे आणि थोडी प्यादी उरल्यावर अंगाशी येते, कारण तिथे कधीकधी खेळी करावी लागणं हेच संकट असतं. बर्नस्टाईनचा अंदाज असा मागच्या दाराने परत आला, फक्त बराच सुधारून.

गो या खेळापुढे मात्र ही सगळी यंत्रणा थकली. १९ बाय १९ च्या पटावर दर पातळीला ३० नव्हे, शे-दोनशेहून अधिक खेळ्या असतात. उत्तम क्रमाने छाटून दोनशेचं वर्गमूळ घेतलं तरी चौदा उरतात. त्याहून मोठी अडचण अशी, की तिथे मोहरे मोजून गुण देता येत नाहीत, आणि अधल्यामधल्या स्थितीची किंमतच धड ठरत नसेल तर अल्फा आणि बीटा कशावर उभे करायचे? २०१६ मध्ये ली सेडोलला हरवणाऱ्या अल्फागोने म्हणून वेगळी वाट धरली. त्याचं जाळं होतकरू खेळ्या सुचवे, आणि ज्या फांद्या आशादायक दिसत त्यांच्यावर तो जास्त वेळ खर्च करत असे. तिथे कुठलीही फांदी सिद्धतेने बाद होत नाही, तिच्याकडे फक्त कमी-कमी वेळा पाहिलं जातं.